भिंतीच्या पोटात किती अंश?

कोकण किनाऱ्यावर मासळी गोठवून साठवणाऱ्या एका जुन्या शीतगृहाची भिंत गेल्या उन्हाळ्यात फोडली, तेव्हा मी तिथे होतो. माकूल आणि कोळंबीचे गोठवलेले ठोकळे निर्यातीला जाईपर्यंत तिथे उणे २० अंशांवर ठेवत. बाहेरून भिंत खणखणीत होती. गिलाव्याला तडा नव्हता, ओल नव्हती, बुरशी नव्हती. तक्रार एकच होती. कॉम्प्रेसर पूर्वी दिवसातून काही तास विश्रांती घेत असे, आता तो थांबायलाच तयार नव्हता. गॅस तपासला, कॉइल साफ केल्या, दाराचं रबर बदललं, तरी फरक पडेना. शेवटी मालकांनी चेंबर रिकामा केला आणि आतल्या बाजूने भिंत उघडायला सांगितलं.

आतला गिलावा आणि जाळी निघाली, मागे थर्मोकोल दिसला. मुकादमाने करवतीने दोन तुकडे कापले, एक विटेकडच्या बाजूचा आणि एक चेंबरकडच्या बाजूचा. दोन्ही चौकोनी, प्रत्येक बाजू १० सेंटिमीटर, म्हणजे बरोबर एक लिटर घनफळाचे. मासळी तोलायच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ते ठेवले. विटेकडचा तुकडा १९ ग्रॅम भरला, कोऱ्या थर्मोकोलचं वजन तेवढंच असतं. चेंबरकडचा भरला १६८ ग्रॅम. "हातात धरून बघा," मुकादम म्हणाले. तुकडा हातात घेतला तर दगडासारखा गार आणि जड लागला. कापलेल्या कडेवर दाण्यादाण्यांमध्ये बर्फ चमकत होता. एक लिटर थर्मोकोलमध्ये जवळपास दीडशे ग्रॅम पाणी शिरून बसलं होतं.

हे पाणी आलं कुठून, ते भिंतीच्या आतल्या अर्ध्यातच का साचलं आणि बाहेरून त्याचा मागमूस का लागला नाही, या तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच हिशेबात आहे. भिंतीतून दर सेकंदाला किती उष्णता जाते आणि दोन थर जिथे एकमेकांना टेकतात तिथे किती तापमान असतं, एवढाच तो हिशेब. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी तो परीक्षेत सोडवतो. पण भिंत बांधताना तो मांडणारे फार थोडे भेटतात.

थरांचा हिशेब

उष्णता घन पदार्थातून कशी वाहते याचा नियम फ्रेंच गणिती जोसेफ फूरिए यांनी मांडला. ग्रनोबलला सरकारी प्रशासक असताना त्यांनी १८०७ मध्ये पॅरिसच्या विद्वत्संस्थेला आपला प्रबंध सादर केला आणि त्याचं पूर्ण पुस्तक १८२२ मध्ये प्रसिद्ध झालं. नियम सोपा आहे. थराच्या दोन बाजूंच्या तापमानात फरक जितका जास्त तितकी उष्णता जास्त वाहते, आणि थर जितका जाड तितकी ती कमी वाहते. उरतो तो पदार्थाचा स्वभाव, म्हणजे त्याची उष्णतावाहकता. विटेची साधारण ०.८, सिमेंटच्या गिलाव्याची ०.७ च्या आसपास, आणि थर्मोकोलची नवा कोरा असताना ०.०३६. हिशेबात मात्र जाणकार ती ०.०४ धरतात.

थर एकच असेल तर गणित एका ओळीत संपतं. भिंतीला थर अनेक असतात, म्हणून जाडी भागिले वाहकता काढून प्रत्येक थराचा उष्णतारोध मांडायचा. एक चौरस मीटर भिंतीतून एक वॅट उष्णता ढकलायला किती अंशांचा फरक लागतो, ते हा आकडा सांगतो. थर एकापाठोपाठ एक असले की रोधांची सरळ बेरीज होते. बांधकामावर माणसं रांगेत उभी राहून घमेली हातोहात पुढे देतात. कोणी दमलेला असो वा ताजा, प्रत्येकाच्या हातून मिनिटाला तेवढीच घमेली जातात. स्थिर झालेल्या भिंतीचंही तसंच आहे. गिलावा, वीट, थर्मोकोल, कोणत्याही थरातून दर सेकंदाला जाणारी उष्णता सारखीच असते. प्रत्येक थर त्यासाठी तापमानाचा किती वाटा खातो, एवढाच फरक.

आता आपल्या भिंतीचा हिशेब मांडू. मे महिना, सावलीतली भिंत, बाहेर ३२ अंश, आत उणे २०. बाहेरून आत जाताना सगळ्यात आधी भिंतीला चिकटलेला हवेचा पातळ पडदा लागतो, त्याचा रोध ०.०६ धरू. मग १५ मिलिमीटर गिलावा, रोध ०.०२. मग नऊ इंची वीट, म्हणजे २३ सेंटिमीटर, रोध ०.२९. त्यामागे २० सेंटिमीटर थर्मोकोल, रोध ५.००. आतला गिलावा पुन्हा ०.०२ आणि चेंबरच्या बाजूचा हवेचा पडदा ०.११. बेरीज होते ५.५०.

तापमानाचा एकूण फरक ५२ अंश. त्याला ५.५० ने भागलं की दर चौरस मीटरला ९.४५ वॅट उष्णता आत शिरते. हा झाला पहिला आकडा, उष्णतेच्या प्रवाहाचा.

दुसरा आकडा, म्हणजे दोन थरांमधलं तापमान, काढायला याच प्रवाहाने प्रत्येक रोधाला गुणत आत जायचं. बाहेरच्या हवेच्या पडद्यात ०.६ अंश उतरतो, म्हणून भिंतीचा बाहेरचा पृष्ठभाग ३१.४ अंशांवर असतो. गिलाव्यात जेमतेम ०.२ अंश जातो. नऊ इंची वीट खाते फक्त २.७ अंश, त्यामुळे वीट जिथे संपते आणि थर्मोकोल सुरू होतो तिथे तापमान असतं २८.५ अंश. पुढच्या २० सेंटिमीटर थर्मोकोलमध्ये तापमान तब्बल ४७ अंशांनी कोसळतं आणि थर्मोकोलची आतली बाजू उणे १८.८ वर येते.

या यादीत सगळ्यात लक्षात ठेवायचा आकडा विटेचा आहे. एवढी जाडजूड वीट, पण ५२ पैकी तिचा वाटा तीन अंशांचाही नाही. वीस सेंटिमीटर थर्मोकोलइतका रोध निव्वळ विटेने मिळवायचा तर भिंत चार मीटर जाड बांधावी लागेल. शीतगृहाची वीट छप्पर पेलते, वारा-पाऊस झेलते. थंडी राखण्याचं काम जवळपास सगळं थर्मोकोलच करतो, आणि म्हणून तो बिघडला की सगळंच बिघडतं.

हवेतलं पाणी

कोकणात ३२ अंशांच्या हवेत ७५ टक्के आर्द्रता असणं ही रोजची गोष्ट आहे. अशी हवा थंड होत गेली तर सुमारे २७ अंशांना तिच्यातली वाफ पाण्यात उतरू लागते. हे त्या हवेचं दवबिंदू तापमान. आता ते मघाच्या तापमानांशेजारी ठेवून पाहा. विटेच्या मागे २८.५ अंश, म्हणजे दवबिंदूच्या दीड अंश वर. तिथपर्यंत वाफ वाफच राहील. थर्मोकोलमध्ये मात्र दर मिलिमीटरला जवळपास पाव अंश उतरतो. सहा मिलिमीटर आत गेलं की २७ अंश, आणि १२ सेंटिमीटर आत गेलं की शून्य. तिथून पुढचे आठ सेंटिमीटर गोठणबिंदूच्या खाली असतात.

वाफ आत जाते कशाला? कारण बाहेरच्या हवेत वाफेचा दाब आतल्या उणे २० अंशांच्या हवेपेक्षा तीसपट-पस्तीसपट असतो. उष्णता जशी गरमाकडून थंडाकडे जाते, तशी वाफ जास्त दाबाकडून कमी दाबाकडे सरकते. शीतगृहात या दोन्हींची दिशा एकच, बाहेरून आत. विटेतून ती सहज जाते. थर्मोकोल तिला बराच अडवतो, पण त्याच्या तुकड्यांच्या सांध्यांत आणि दाण्यांमधल्या फटींत वाट असते. वर्षानुवर्षं ती थोडीथोडी शिरते, थंड भागात पाणी होते, आणखी आत बर्फ होते. मुकादमाने कापलेला जड तुकडा बराचसा या शेवटच्या आठ सेंटिमीटरमधला होता.

म्हणून वीट आणि थर्मोकोल यांच्यामध्ये बाष्परोधक थर घालतात. जुन्या कामांत तो डांबराचा असे, नंतर जाड पॉलिथिन आलं. त्याची जागा एकच, गरम बाजूला, दवबिंदू येण्याच्या आधी. तो चुकून थंड बाजूला, म्हणजे आतल्या गिलाव्यामागे घातला, तर वाफ आधी सगळा थर्मोकोल ओलांडते आणि मग उणे १८ अंशांच्या थरावर आपटून तिथेच गोठते. फोडलेल्या भिंतीत डांबर योग्य बाजूलाच होतं. पण ते सलग नव्हतं. थर्मोकोल धरून ठेवायला ठोकलेल्या लाकडी पट्ट्यांच्या खिळ्यांभोवती आणि छताच्या सांध्याशी ते तुटलं होतं. खिळ्याखिळ्यापासून आत गेलेले ओलीचे डाग थर्मोकोलवर स्पष्ट दिसत होते.

ओल स्वतःला वाढवते

थर्मोकोल उष्णता अडवतो तो त्याच्या दाण्यांत कोंडलेल्या स्थिर हवेमुळे. स्थिर हवेची वाहकता ०.०२६, पाण्याची ०.६, बर्फाची २.२. म्हणजे हवेच्या जागी बर्फ बसला तर त्या जागेची वाहकता ऐंशीपटींहून जास्त वाढते. ओल्या थर्मोकोलची नेमकी वाहकता पाणी किती आणि कुठे आहे यावर ठरते. समजण्यासाठी ती दुप्पट, म्हणजे ०.०८ झाली असं धरू.

आधी थंडीकडचे आठ सेंटिमीटरच ओले झाले आहेत असं समजा. थर्मोकोलचा रोध ५ वरून ४ वर येतो, एकूण रोध ४.५, प्रवाह ११.६ वॅट. विटेमागचं तापमान २८.५ वरून २७.७ होतं. दवबिंदूपासूनचं अंतर दीड अंशाचं अर्ध्याहून कमी राहिलं. आता सगळा थर्मोकोल ओला झाला असं समजा. त्याचा रोध २.५, एकूण ३, प्रवाह १७.३ वॅट, आणि विटेमागचं तापमान २५.६. हा आकडा दवबिंदूच्या खाली आहे. आता डांबराच्या तोंडाशीच पाणी धरू लागतं आणि जिथे भेग सापडेल तिथून ते थेट थर्मोकोलमध्ये उतरतं. ओल वाढली म्हणून सीमेवरचं तापमान घसरलं, आणि ते घसरलं म्हणून ओल आणखी वाढली. एकदा हे चक्र सुरू झालं की भिंत आपोआप सुधारत नाही.

आणि बाहेर काय दिसतं? कोरड्या भिंतीचा बाहेरचा पृष्ठभाग ३१.४ अंशांवर होता, पूर्ण ओल्या भिंतीचा ३१.० वर. फरक अर्ध्या अंशाहूनही कमी. हातात धरायच्या इन्फ्रारेड तापमापकाची चूकच एक-दोन अंशांची असते. भिंत दवबिंदूच्या चार अंश वर, म्हणून बाहेर थेंबही धरत नाही. मालकांना काही दिसलं नाही यात त्यांचा दोष नव्हता.

दिसलं ते विजेच्या मीटरवर. वीस मीटर लांब, पंधरा रुंद आणि सहा उंच चेंबर धरा, नुसत्या भिंती ४२० चौरस मीटर होतात. कोरड्या थर्मोकोलमधून ४ किलोवॅट उष्णता येते, ओल्यातून ७.३. रेफ्रिजरेशनच्या भाषेत एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट, चोवीस तासांत २,००० पौंड बर्फ गोठवण्याची ताकद. म्हणजे नुसत्या भिंतींपायी जवळपास एक टन यंत्रणा जास्त राबते. एवढ्या थंडीला एक युनिट वीज खर्चून साधारण दोन युनिट उष्णता बाहेर फेकता येते असं धरलं, तर वर्षाला सुमारे साडेचौदा हजार युनिट वीज वाढीव जाते. छत आणि जमीन यात धरलेली नाही.

विटेचाच मीटर

भिंत न फोडता हे कळू शकतं का? कळतं, आणि त्यासाठी वरचाच हिशेब उलटा चालवायचा. विटेचा आणि बाहेरच्या गिलाव्याचा मिळून रोध ०.३१, आणि तो फारसा बदलत नाही. मग वीट हाच उष्णता मोजायचा मीटर. बाहेरून एक बारीक भोक पाडून विटेच्या मागच्या तोंडापर्यंत थर्मोकपलची तार सरकवायची, डांबराला धक्का लावायचा नाही. दुसरी तार बाहेरच्या पृष्ठभागावर चिकटवायची. भोक सीलंटने बंद करायचं. दोन्ही तापमानांमधला फरक भागिले ०.३१ केलं की दर चौरस मीटरचा प्रवाह मिळतो. मे महिन्याच्या वरच्या तापमानांना हा फरक तीन अंशांच्या आत असेल तर थर्मोकोल कोरडा आहे. पाच अंशांच्या पुढे गेला तर तो ओला आहे, मग बाहेरची भिंत कितीही छान दिसो.

यात एक सावधगिरी हवी. आपण गृहीत धरलं की भिंत स्थिर झाली आहे, आत आणि बाहेर तापमान बदलत नाही. चेंबरच्या बाजूने ते बरंचसं खरं आहे. बाहेर मात्र दिवस-रात्र असते, आणि नऊ इंची वीट दुपारची उष्णता पोटात ठेवून सहा-सात तासांनी मागे पोचवते. म्हणून दुपारी एकदा वाचन घेऊन निष्कर्ष काढला तर तो चुकणारच. उत्तरेकडची, ऊन न लागणारी भिंत निवडायची, दर तासाला नोंद ठेवायची आणि अनेक दिवसांची सरासरी काढायची. आणखी एक मर्यादा आहे. उष्णता सरळ आत जाते असं आपण धरलं, पण कोपऱ्यात आणि लोखंडी बोल्टजवळ ती वाट बदलते. पोलादाची वाहकता थर्मोकोलच्या हजारपटीहून जास्त, म्हणून आरपार गेलेला बोल्ट थरांची बेरीज जुमानत नाही. तार अशा जागांपासून दूर लावावी.

मे मध्ये पास, जुलैत नापास

हिशेब मांडताना बहुतेकांच्या मनात मे महिना असतो, कारण तेव्हा उष्णता सर्वांत जास्त. यंत्रणेचा आकार ठरवायला ते बरोबर आहे. भिंतीच्या पोटातल्या पाण्यासाठी जुलै तपासायला हवा. पावसाळ्यात बाहेर २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता धरू. दवबिंदू २६.२. भिंत अगदी नवी, थर्मोकोल कोरडा. तापमानाचा फरक ४८, प्रवाह ८.७ वॅट, म्हणजे मे महिन्यापेक्षा कमी. पण विटेमागचं तापमान येतं २४.८ अंश. नव्या भिंतीतही, काहीही न बिघडता, पावसाळ्यात ही सीमा दवबिंदूच्या दीड अंश खाली असते.

थर्मोकोल वाढवून हे सुटेल असं वाटतं. करून पाहा. २० ऐवजी २५ सेंटिमीटर घातला तर सीमेवर २५.४ अंश येतात. अजूनही कमीच. ती दवबिंदूच्या वर आणायला जवळपास ३८ सेंटिमीटर थर्मोकोल लागतो, तेवढा कोणी घालत नाही. म्हणजे किनाऱ्यावर वीट-थर्मोकोलच्या भिंतीत पावसाळ्यात डांबराच्या तोंडाशी पाणी धरणारच, हे गृहीत धरून बांधायचं. डांबर सलग असेल तर ते पाणी विटेत राहतं आणि हिवाळ्यात वाळतं. एक खिळा त्यातून गेला की ते पाणी थर्मोकोलला मिळतं.

पफ पॅनेलने जुन्या भिंतीला मागे टाकलं त्याचं एक कारण इथे कळतं. १२ सेंटिमीटर पफचा रोध साधारण ५, म्हणजे २० सेंटिमीटर थर्मोकोलइतकाच. थंडी राखण्यात दोन्ही बरोबरीचे. फरक बाष्परोधकाच्या जागेत आहे. पॅनेलमध्ये पोलादी पत्रा सगळ्यात बाहेर असतो, त्याच्या आधी वीट नाही. त्याच जुलैत त्या पत्र्याचं तापमान २७.४ अंश येतं, दवबिंदूच्या सव्वा अंश वर. पत्रा कोरडा राहतो आणि पत्र्यातून वाफ जात नाही. उरतात ते पॅनेलचे सांधे. तिथे सीलंट सुटलं की जुन्या भिंतीची कहाणी पुन्हा सुरू होते.

त्या फोडलेल्या चेंबरमध्ये विटेची भिंत ठेवून आत नवं अस्तर करायचं ठरलं. थर्मोकोल दोन थरांत, दहा-दहा सेंटिमीटरचा, आतल्या थराचे सांधे बाहेरच्या थराच्या सांध्यांवर येणार नाहीत असा. लाकडी पट्ट्या आणि खिळे बाद झाले. डांबराचा थर छताच्या थराला अखंड जोडला, आणि थर्मोकोल चिकटवण्याआधी तो इंजिनिअरने दिवा लावून इंचाइंचाने तपासला. उत्तरेच्या भिंतीत विटेमागे थर्मोकपलची तार कायमची ठेवली.

शीतगृह बांधणाऱ्या किंवा दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकात थर्मोकोलची जाडी आणि यंत्रणेचे टन लिहिलेले असतातच. त्याखाली आणखी तीन गोष्टी लिहून मागा. प्रत्येक थराचा रोध, बाष्परोधक जिथे आहे त्या सीमेचं जुलैतलं तापमान, आणि त्याच जुलैतला तुमच्या गावचा दवबिंदू. सीमेचं तापमान दवबिंदूच्या खाली येत असेल तर बाष्परोधकातून एकही खिळा जाणार नाही, असं लेखी घ्या. हा हिशेब कागदावर अर्ध्या तासात होतो आणि तो भिंत उभी राहण्याआधीच करायचा असतो.